‘घेई छंद’ मागितलं की भलतंच ‘घेई छंद’ का वाजतं?

आमच्याकडे फोंड्याला बाबांसाठी बोलून गाणं लावायचा स्पीकर आणला तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मागितलं ‘घेई छंद मकरंद’, आणि लागलं २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ सिनेमातलं. बाबांनी दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाले, “हे नव्हे रे, वसंतरावांचं लाव.” मग मी स्पीकरला ‘वसंतराव देशपांडे’ असं सांगून बघितलं तर कुठल्यातरी मैफलीतलं लांबलचक लागलं, तबल्याची जुळवाजुळव, मध्येच टाळ्या. तेही वसंतरावांचंच, पण बाबांच्या कॅसेटवरचं नव्हे. जत्रेतल्या नाटकांत पंचवीस वर्षं गायलेल्या माणसाला ह्यातला फरक पहिल्या तानेला कळतो, पण ॲपला का कळत नाही हे मला शोधायचं होतं.

कळत नाही कारण ॲपकडे ‘गाणं’ अशी वस्तूच नसते, असतात ती रेकॉर्डिंगं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं त्याच नावाचं नाटक १९६७ चं, संगीत आपल्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव, ही झाली गाण्याची गोष्ट. पण वसंतरावांची ध्वनिमुद्रिका, त्यांच्या मैफलीतलं, सिनेमातलं, कुणा शिष्याचं, रिॲलिटी शोमधलं, ही सगळी ॲपच्या लेखी वेगवेगळी रेकॉर्डिंगं, आणि त्यातलं ‘मूळ’ कुठलं हे सांगणारा रकाना सहसा कुठे नसतोच.

रेकॉर्डिंगला ओळख असते ती आयएसआरसी नावाच्या बारा अक्षरी कोडची. सुरुवातीला देशाची दोन अक्षरं (भारतातून दिलेल्याला बहुतेक IN), मग कोड देणाऱ्याची तीन, मग सालाचे दोन आकडे, मग पाच आकडी क्रमांक. लाइव्ह आवृत्तीला वेगळा कोड, रिमिक्सला वेगळा, नव्याने गायलेल्याला वेगळा. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, त्यातले सालाचे आकडे म्हणजे कोड दिल्याचं साल, गाणं रेकॉर्ड झाल्याचं नव्हे. ही पद्धतच मुळी १९८६ ची, त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डला कोड मिळाला तो कितीतरी वर्षांनी, कंपनीने जुना माल सीडीवर किंवा नेटवर आणला तेव्हा. म्हणजे कोडमध्ये 05 दिसलं म्हणून ते २००५ साली गायलेलं असं अजिबात नाही.

आता आपण तोंडाने मागणी केली की काय होतं. आधी बोलण्याचा मजकूर होतो, मग तो मजकूर गाण्यांच्या नावांशी जुळवला जातो, आणि आपली नावं बऱ्याचदा रोमन लिपीत भरलेली असतात, एकाने Ghei Chhand लिहिलेलं, दुसऱ्याने Ghei Chhanda, तिसऱ्याने एक h गाळलेला. कलाकाराच्या रकान्यात तर आणखी घोळ, कधी गायकाचं नाव, कधी फक्त संगीतकाराचं, म्हणजे वसंतरावांनी गायलेलं अभिषेकीबुवांच्या नावावर पडलेलं असू शकतं आणि मग वसंतराव म्हणून कितीही शोधा ते वर येणार नाही.

नावं जुळणारी दहा रेकॉर्डिंगं सापडली तरी पहिलं कुठलं वाजवायचं ते बरंचसं ठरतं लोकप्रियतेवर, आणि खरी गंमत इथे आहे. स्पॉटिफायने प्रोग्रॅमर लोकांसाठी जी माहिती दिलीय त्यात लिहिलंय की गाण्याला ० ते १०० असा लोकप्रियतेचा आकडा असतो, तो मुख्यतः किती वेळा ऐकलं गेलं आणि किती अलीकडे ऐकलं गेलं यावरून निघतो, आणि एकच गाणं दोन अल्बममध्ये असेल तर दोन्हींचा आकडा वेगवेगळा धरतात. गोव्यात राहणाऱ्याला हे लगेच कळेल, ही सरळ मतविभागणी. जुनं रेकॉर्डिंग मूळ तबकडीवर, मग ‘निवडक नाट्यगीते’त, मग ‘सुवर्णकाळ’ छापाच्या संचात, असं चार-पाच ठिकाणी पसरलेलं, प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी मतं. सिनेमातलं एकाच अल्बमात, सगळी मतं एकगठ्ठा, वरून ती ताजी. निकाल काय लागणार ते दिसतंच आहे. मूळ गाणं कमी लोक ऐकतात म्हणून हरतं असंच नाही, त्याची मतं फुटतात म्हणूनही हरतं.

मग ओळखायचं कसं? मी आधी गाण्याच्या नावापुढची शेपटी बघतो. `Live` म्हणजे श्रोत्यांसमोरचं, ते सोपं. `Remastered` म्हणजे गाणं तेच, गायन-वादन तेच, फक्त जुन्या टेपवरून नवी प्रत काढताना खरखर कमी केलेली, आवाजाचा तोल बदललेला, पुष्कळदा एकूण आवाज मोठा केलेला. मोठा करताना हळू आणि जोरकस जागांमधलं अंतर कमी केलं जातं, त्यामुळे अलगद उचललेला सूर आणि खणखणीत तान जवळजवळ सारख्याच जोराने येतात. बाबांना हे खुपतं, मला चांगल्या रिमास्टरमध्ये नाही खुपत. खरखरीत गेलेला तंबोरा परत ऐकू येत असेल तर मी रिमास्टरच घेईन. `Remix` मात्र वेगळं प्रकरण, त्यात वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतलेले आवाज सुटे करून पुन्हा मिसळतात. बीटल्सच्या जुन्या अल्बमचं २००९ साली रिमास्टर झालं आणि त्यातल्या एकाचं २०१७ ला मूळ टेपांवरून रिमिक्स झालं, दोन्ही नीट केलेली कामं पण कामं वेगळी. आपल्याकडे एकाच ट्रॅकवर घेतलेल्या जुन्या गाण्याला ‘रिमिक्स’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा वरून ढोल चिकटवलेला असतो.

शेपटी नसेल तर अल्बमच्या पानावर अगदी तळाला जा. तिथे दोन खुणा असतात, © ही मुखपृष्ठ, मजकूर वगैरेंच्या हक्काची आणि ℗ ही ध्वनिमुद्रणाच्या हक्काची. आपल्याला ℗ च्या पुढचं साल हवं. वर ठळक दिसणारी तारीख कित्येकदा नेटवर टाकल्याची असते, ℗ मात्र बऱ्याचदा जुनं साल दाखवतं. बऱ्याचदा म्हणतोय, कारण काही कंपन्या तिथेही नव्या संचाचं साल घालतात. म्हणून सोबत लांबी बघायची. तबकडीच्या जमान्यात एका बाजूला जागा मोजकी, त्यामुळे ध्वनिमुद्रिकेतलं नाट्यगीत आटोपशीर असतं आणि मैफलीतलं ऐसपैस. आणि शेवटचे दहा सेकंद ऐका, आवाज हळूहळू विरत गेला किंवा वाद्यं एकदम नीट थांबली तर स्टुडिओ, टाळ्या आल्या तर प्रश्नच मिटला.

स्पॉटिफायवर टाइप करून शोधणार असाल तर असं करून बघा, आणि गायकाच्या नावाने नाही मिळालं तर तेच संगीतकाराच्या नावाने:

```
ghei artist:"Vasantrao Deshpande"
ghei artist:"Jitendra Abhisheki"
```

पण ‘मूळ’ म्हणजे सगळ्यांत आधीचं असं डोळे मिटून धरू नका. आपल्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बॉब मार्लेचं ‘नो वुमन, नो क्राय’ वाजतं ते ऐका, मागे लोक गातायत. ते लंडनच्या लायसियम थिएटरमधलं जुलै १९७५ चं लाइव्ह. स्टुडिओतलं त्याच्या आदल्या वर्षीचं, १९७४ च्या अल्बममधलं, चार मिनिटांच्या आत आटपणारं, त्यात चक्क ड्रम मशीन आहे. जगाने उचललं ते लाइव्ह, पुढे १९८४ च्या निवडक गाण्यांच्या संचातही तेच घेतलं. इथे ॲपने लाइव्ह लावलं तर ॲपचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नाट्यगीताचं तर आणखी अवघड, पहिलं गाणं रंगमंचावर झालं आणि ध्वनिमुद्रिका म्हणजे त्याचं आवरतं घेतलेलं रूप. आम्हाला हवं होतं ते साधं, बाबांच्या कॅसेटवर आहे तेच.

आणि तेच हवं असेल तर कॅसेटलाच विचारता येतं. गाणं ओळखणारी शझामसारखी ॲप शब्द ऐकत नाहीत. आवाजाचा आलेख काढून त्यातले सगळ्यांत ठळक बिंदू टिपतात, एका बिंदूचा सूर, दुसऱ्या बिंदूचा सूर आणि मधला वेळ, अशा जोड्यांचा ठसा बनवतात. ही युक्ती एव्हरी वांग यांनी २००३ साली मांडली. गायक तोच असला तरी दुसऱ्या दिवशी तान एका केसाने पुढेमागे होते, जोड्या बदलतात, ठसा जुळत नाही. म्हणजे आपल्याला हवी तशीच छाननी, गाणं नव्हे तर नेमकं रेकॉर्डिंग ओळखणारी. रिमास्टर आणि मूळ मात्र यातून सहसा वेगळे पडत नाहीत कारण बिंदू त्याच जागी असतात.

मी कॅसेट लावली, फोन जवळ धरला, काहीच सापडेना. तीनदा केलं. शेजारचे पेटीवाले काका आले होते, ते पेटीवर सूर धरून म्हणाले, “पट्टी उतरलीय तुझ्या मशीनची.” खरंच, मोबाईलचं घड्याळ लावून बघितलं तर दर मिनिटाला साधारण दीड सेकंद मागे. म्हणजे अडीच टक्के. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये सहा टक्क्यांचा फरक असतो, आमचा सूर त्याच्या निम्म्याला थोडा कमी इतका उतरला होता. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास सरकायला हवी, आतला रबरी पट्टा सैल झाला की ती रेंगाळते, सूर उतरतो, बिंदूंमधलं अंतर वाढतं आणि सगळे ठसे चुकतात.

पट्टा बदलून आणला बाजारातून, आणि पुन्हा फोन धरला तेव्हा पाच-सहा सेकंदांत नाव आलं. गाणं निघालं तिसऱ्याच एका संचात, संगीतकाराच्या नावावर, आणि स्पेलिंग असं की मला कधी सुचलंच नसतं. ते लगेच बाबांच्या प्लेलिस्टमध्ये टाकलं. पण प्लेलिस्टमधलं गाणं कंपनीचा करार संपला की करडं पडतं किंवा गुपचूप दुसऱ्या अल्बममधल्या प्रतीकडे वळवलं जातं, म्हणून आयएसआरसीसुद्धा काढून ठेवला. तो ॲपमध्ये दिसत नाही, पण रेकॉर्ड कंपन्यांच्या आयएफपीआय या जागतिक संघटनेच्या isrcsearch.ifpi.org वर नाव घालून शोधता येतो, आणि मिळाला की स्पॉटिफायच्या शोधात `isrc:` लिहून त्यापुढे जागा न सोडता बारा अक्षरं टाकली की थेट तेच रेकॉर्डिंग समोर येतं.

तो कोड मी कॅसेटच्या डबीत आतल्या कागदावर बॉलपेनने लिहिलाय. स्पीकरला बाबा आता ‘घेई छंद’ म्हणत नाहीत, प्लेलिस्टचं नाव सांगतात.