उलटे छायाचित्र

ज्या छायाचित्रात डावी आणि उजवी बाजू यांची अदलाबदल झालेली असते, त्याला उलटे किंवा आरशी छायाचित्र म्हणतात. हा प्रकार फिरलेल्या छायाचित्राहून वेगळा आहे. डोके खाली-पाय वर असे छायाचित्र अर्धा फेरा फिरवले की पाटी वाचता येते. आरशी छायाचित्र मात्र कितीही फिरवले तरी अक्षरे सरळ होत नाहीत. छायाचित्रावरून ठिकाण शोधायचे असेल, तर ही तपासणी सर्वांत आधी करावी लागते. कारण एकदा बाजू बदलल्या की वाहने चुकीच्या बाजूने धावताना दिसतात आणि शोध थेट दुसऱ्या देशात जातो.

छायाचित्रे उलटण्याची कारणे साधी असतात. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेली सेल्फी काही फोन आरशासारखीच साठवतात. जुनी फिल्म किंवा काचेची निगेटिव्ह चुकीच्या बाजूने स्कॅन होते. मासिकाच्या पानावर चेहरा मजकुराकडे वळलेला दिसावा म्हणून मांडणी करणाराही चित्र पलटवतो.

अक्षरे हा सर्वांत भक्कम पुरावा. उलट्या देवनागरीत शिरोरेषा वरच राहते, म्हणून लांबून पाटी ठीक वाटते. पण प, म, त यांचा उजवीकडचा उभा दंड डावीकडे गेलेला असतो. रोमन लिपीत आर आणि एन उलटले की रशियन अक्षरांसारखे दिसतात, आणि घाईत पाहणारा रशियाकडे वळतो. अक्षरे नसतील तर पुरुषांचा शर्ट पाहावा: त्याचा खिसा सहसा घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असतो. साडीच्या पदरावर मात्र विसंबू नये. तो बहुधा डाव्या खांद्यावर असतो, पण गुजराती पद्धतीत उजव्या खांद्यावरून पुढे येतो.

एकच पाटी उलटी दिसली म्हणून चित्र पलटवणे चूक ठरते. रुग्णवाहिकेच्या बॉनेटवरची अक्षरे पुढच्या चालकाला आरशात सरळ दिसावीत म्हणून मुद्दाम उलटी रंगवतात. दुकानाच्या काचेवरचे नाव आतून पाहिले की उलटेच दिसते. म्हणून एकमेकांपासून दूर असलेल्या किमान दोन खुणा जुळायला हव्यात.

अक्षरे अजिबात नसतील तेव्हा काय करायचे, हे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर चांगले दिसते. समजा, रात्रीच्या छायाचित्रात समुद्र उजवीकडे आणि इमारती डावीकडे आहेत. मरीन ड्राइव्हच्या पश्चिमेला समुद्र आहे. त्यामुळे पहिला अंदाज असा होतो, की कॅमेरा गिरगाव चौपाटीच्या बाजूला असून दक्षिणेकडे, नरिमन पॉइंटच्या दिशेने पाहतो आहे. आता दिवे पाहायचे. भारतात वाहने डावीकडून चालतात, म्हणून दुहेरी रस्त्याच्या लांबीच्या दिशेने तोंड करून उभे राहिले की डावीकडची वाहने आपल्यापासून दूर जातात आणि त्यांचे मागचे लाल दिवे दिसतात. उजवीकडून पांढरे दिवे समोर येतात. या छायाचित्रात समुद्राच्या कडेला, म्हणजे उजवीकडे, लाल दिव्यांची रांग असेल तर चित्र उलटे आहे. ते पलटवले की समुद्र डावीकडे येतो, आणि कॅमेरा नरिमन पॉइंटच्या टोकाला उभा राहून उत्तरेकडे पाहत होता असे ठरते. रस्ता तोच, पण उभे राहण्याची जागा दुसऱ्या टोकाला गेली! एकेरी रस्त्यावर ही कसोटी चालत नाही. चालक कोणत्या बाजूला बसला आहे, एवढ्यावरूनही निर्णय होत नाही: उलट्या चित्रात चालक आणि रस्त्याची बाजू दोन्ही एकत्र बदलतात आणि दृश्य डावा चालक, उजवी वाहतूक असलेल्या एखाद्या देशाचे वाटते.

दुरुस्तीसाठी मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर काम करावे. आधी फाइलमधली `Orientation` नोंद पाहावी. तिथे 2, 4, 5 किंवा 7 असेल, तर चित्र दाखवताना आरशासारखे उलटवावे अशी सूचना फाइलमध्येच आहे. ती पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या दोन प्रोग्राममध्ये तेच चित्र वेगवेगळे दिसते. मग पलटवायचे. खालची पहिली आज्ञा ही नोंद दाखवते, दुसरी चित्र पलटवते:

```
exiftool -n -Orientation मूळ.jpg
magick मूळ.jpg -auto-orient -flop सरळ.jpg
```

`-auto-orient` आधी नोंदीप्रमाणे चित्र लावून घेतो. `-flop` डावे-उजवे बदलतो, `-flip` वर-खाली. चुकून दुसरा वापरला तर चित्र उलटे लटकते, पण अर्धा फेरा फिरवले की हवे तेच मिळते.

पलटवल्यावर नव्या चित्रातही विसंगती राहिली, म्हणजे पाट्या सरळ झाल्या पण वाहतूक चुकली, तर चित्र जोडकामाचे असू शकते. देवळांच्या छायाचित्रांत सोंडही तपासावी. सिद्धटेकचा आणि प्रभादेवीचा गणपती उजव्या सोंडेचा, म्हणून ओळखीची ही मूर्ती डाव्या सोंडेची दिसली की चित्र उलटले आहे हे लगेच कळते. अनोळखी मूर्तीबाबत मात्र सोंडेवरून काहीच ठरत नाही. सावलीवरून दिशा काढायची असेल, तर ती मोजणी सरळ केलेल्या प्रतीवरच करावी. उलट्या चित्रात पूर्व-पश्चिम बदलून सकाळची संध्याकाळ होते.