मूळ दराचा विसर

एखाद्या तपासणीचा निकाल वाचताना, तो आजार त्या लोकांमध्ये मुळात किती आहे हेच हिशेबातून सुटते, तेव्हा त्या चुकीला मूळ दराचा विसर म्हणतात. मूळ दर म्हणजे तपासणीआधी त्या गटात आजाराचे असलेले प्रमाण. इंग्रजी शिकलेल्या मंडळींत ‘बेस रेट’ हाच शब्द चालतो. ही चूक अडाणीपणातून होत नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारला गेला. आजार हजारात एकाला आहे, आणि निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना तपासणी चुकून पॉझिटिव्ह दाखवते. मग पॉझिटिव्ह आलेल्याला आजार असण्याची शक्यता किती? उत्तर सुमारे २ टक्के आहे. ते ६० पैकी फक्त ११ जणांना आले. सर्वांत जास्त लोकांनी दिलेले उत्तर होते ९५ टक्के.

चूक नेमकी कुठे होते हे सांगली जिल्ह्यातल्या गरोदर स्त्रियांच्या एचआयव्ही तपासणीवर मांडून पाहता येते. गावातल्या उपकेंद्रात नर्सबाई बोटाला टोचून रक्ताचा थेंब किटवर घेतात. किटवर एक रेघ आली की किट चालू आहे एवढेच कळते. दुसरी रेघही उमटली तर निकाल ‘रिअॅक्टिव्ह’. अशा किटकडून जागतिक आरोग्य संघटना किमान दोन गोष्टी मागते. लागण असलेल्या १०० जणांपैकी निदान ९९ जणांना तिने पकडावे. ही झाली संवेदनशीलता. लागण नसलेल्या १०० जणांपैकी निदान ९८ जणांना तिने सोडून द्यावे, ही विशिष्टता. आपण हेच किमान आकडे धरू. मूळ दर ०.२ टक्के धरू, म्हणजे हजारात दोन. हा आकडा हिशेबापुरता आहे, जिल्ह्याच्या सर्वेक्षणातला नव्हे.

आता जत, तासगाव, विटा, शिराळा अशा सगळीकडच्या मिळून १ लाख गरोदर स्त्रिया तपासल्या असे समजा. त्यांपैकी २०० जणींना लागण आहे आणि ९९,८०० जणींना नाही. २०० पैकी ९९ टक्के, म्हणजे १९८ जणींच्या किटवर दुसरी रेघ येईल, दोघी निसटतील. इथवर कुणाचीच गफलत होत नाही. गफलत पुढच्या ओळीत होते. लागण नसलेल्या ९९,८०० जणींपैकी २ टक्क्यांच्या किटवरही चुकून रेघ येणार आहे, आणि २ टक्के ऐकायला किरकोळ वाटले तरी ते होतात १,९९६. म्हणजे रिअॅक्टिव्ह आलेल्या एकूण २,१९४. त्यांत खरी लागण असलेल्या १९८. भागाकार केला की ९ टक्के येतात. पहिल्या किटवर दुसरी रेघ आलेल्या अकरा जणींपैकी साधारण एकीलाच लागण आहे.

हेच सशर्त संभाव्यतेच्या भाषेत असे लिहितात:

```
P(लागण | +) = P(+ | लागण) × P(लागण) ÷ P(+)

P(+) = ०.९९ × ०.००२ + ०.०२ × ०.९९८
     = ०.००१९८ + ०.०१९९६ = ०.०२१९४

P(लागण | +) = ०.००१९८ ÷ ०.०२१९४ ≈ ०.०९
```

उभ्या रेघेचा अर्थ ‘हे ठाऊक असताना’. P(+ | लागण) म्हणजे लागण आहे हे ठाऊक असताना किट रिअॅक्टिव्ह येण्याची शक्यता. ती ९९ टक्के, आणि किटसोबतच्या कागदावर हीच छापलेली असते. पण समोर बसलेल्या बाईला हवी असते P(लागण | +), म्हणजे किट रिअॅक्टिव्ह आल्यावर लागण असण्याची शक्यता. डोके नकळत रेघेच्या दोन्ही बाजूंची अदलाबदल करते आणि ९९ हाच आकडा तिच्या माथी मारते. हे सूत्र टॉमस बेझ यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापला गेला. शिकवताना मात्र सूत्राआधी १ लाखाची मांडणी करावी हे बरे. टक्क्यांऐवजी माणसे मोजली की १,९९६ चा ढीग डोळ्यांना दिसतो, ०.०१९९६ मध्ये तो दिसत नाही.

उलट बाजूचे चित्र अगदी वेगळे आहे. नॉन-रिअॅक्टिव्ह आलेल्या ९७,८०६ जणींत लागण असलेल्या फक्त दोन. तोच मूळ दर इथे किटच्या बाजूने उभा राहतो. नुकतीच झालेली लागण किटला काही आठवडे दिसत नाही, ती अडचण वेगळी आणि या हिशेबाबाहेरची.

किट तीच ठेवून गट बदलला तर काय होते? लक्षणे पाहून, शंका आल्यामुळे तालुक्याच्या डॉक्टरांनी मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलेले १,००० रुग्ण घ्या, आणि त्यांच्यात लागणीचे प्रमाण १० टक्के धरा. लागण असलेल्या १०० पैकी ९९ जण रिअॅक्टिव्ह, नसलेल्या ९०० पैकी १८ जण चुकून रिअॅक्टिव्ह. ११७ पैकी ९९, म्हणजे जवळपास ८५ टक्के. मिरजेला पोचणारा पेशंट वाटेत आधीच चाळला गेलेला असतो. म्हणून तिथे वर्षानुवर्षे काम केलेल्या डॉक्टरांना किट भरवशाची वाटते. त्यांचा अनुभव खोटा नसतो, फक्त तो उपकेंद्रातल्या सरसकट तपासणीला लागू पडत नाही.

म्हणूनच उपकेंद्रातल्या एकाच किटच्या निकालावर निदान केले जात नाही. बाईला पुढच्या केंद्रात पाठवतात आणि वेगवेगळ्या किट वापरून निकाल पक्का करतात. २,१९४ जणींची अशाच दर्जाच्या दुसऱ्या किटवर तपासणी केली, तर लागण असलेल्या १९८ पैकी १९६ आणि नसलेल्या १,९९६ पैकी सुमारे ४० रिअॅक्टिव्ह राहतील. शक्यता ८३ टक्क्यांवर जाते. तिसऱ्या किटनंतर पहिल्या गटातल्या १९४ उरतात आणि दुसऱ्या गटातली जेमतेम एक. शक्यता ९९ टक्क्यांच्या वर. तपासणीला येणाऱ्यांमध्ये नव्याने सापडणाऱ्या एचआयव्हीच्या लागणीचे प्रमाण घटत चालल्यावर २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्याच देशांना सलग तीन रिअॅक्टिव्ह निकालांची पद्धत सुचवली, ती याच गणितामुळे. किट बिघडल्या नव्हत्या, मूळ दर खाली आला होता.

या गुणाकारात एक अट दडलेली आहे: किटच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. एखाद्या स्त्रीच्या रक्तातला दुसराच एखादा घटक किटवरच्या प्रथिनाला चिकटून रेघ उमटवत असेल, तर तीच किट दहा वेळा वापरली तरी दहाही वेळा रेघ येईल. १,९९६ चे ४० होणार नाहीत. १,९९६ च राहतील. म्हणून पुढच्या किट वेगळ्या प्रथिनांवर किंवा वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या घ्याव्या लागतात. तीन निकालांत मेळ बसला नाही तर निर्णय न देता १४ दिवसांनी पुन्हा रक्त तपासतात.

दुसरी मर्यादा मूळ दराचीच. हजारात दोन हा दर गटाचा आहे. जिच्या नवऱ्याचे एचआयव्हीचे उपचार आधीच चालू आहेत, तिला जिल्ह्याच्या सरासरीत बसवता येत नाही. तिचा हिशेब अशाच जोडप्यांमधल्या दरापासून सुरू करावा लागतो, आणि पहिल्याच किटची रेघ तिच्या बाबतीत पुष्कळ जास्त वजनाची ठरते. समुपदेशक तपासणीआधी घरची चौकशी करतात, तेव्हा हा दरही त्यांच्या हाती येत असतो. तो कागदावर मात्र क्वचितच उतरतो.