सूत्राभोवतीचे अंक कुठून आले?

वर्कशीटवर प्रश्न असतो: Fe₂(SO₄)₃ + NaOH → ? + ?. उत्पादितं ओळखायची, त्यांची नावं लिहायची आणि समीकरण संतुलित करायचं. आयन सुटे करून लिहायला घेतले की Fe³⁺, SO₄²⁻, Na⁺, OH⁻ अशी बारीक अंकांची दाटी होते. त्यात छपाईत वरचे-खालचे अंक एकाच ओळीत आले, तर सल्फेट SO42- असं दिसतं. चार ऑक्सिजन आणि दोन ऋण प्रभार यांच्या जागी मुलं सरळ बेचाळीस वाचतात. हे अंक एकाच वेळी ठरलेले नाहीत. प्रत्येकाची जागा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजेतून पक्की झाली.

मुळाशी आहे लॅव्हाझिए. अभिक्रियेच्या आधी आणि नंतर वस्तुमान तेवढंच राहतं, हे त्याने 1789 च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट मांडलं. तिथूनच दोन्ही बाजूंचा हिशोब जुळला पाहिजे ही अट आली. पण हिशोब मांडायला सोयीची लिपी नव्हती. डाल्टन अणूंसाठी वर्तुळाकार चिन्हं काढत असे. बर्झेलियसने 1813-14 च्या सुमारास मूलद्रव्यांसाठी अक्षरं आणली आणि अणूंची संख्या अंकाने दाखवली. हा अंक मात्र तो अक्षराच्या वर लिहायचा, आज आपण घात लिहितो तसा. 1834 मध्ये लिबिगने तो खाली घेतला. छोटासाच बदल, पण त्यामुळे वरची जागा मोकळी झाली.

ती भरली आयनांनी. 1880 च्या दशकात आर्हेनियसने मांडलं की क्षार पाण्यात विरघळताच त्याचे प्रभारित कण सुटे होतात. सुरुवातीला ओस्टवाल्ड धन प्रभारासाठी टिंब आणि ऋण प्रभारासाठी छोटी तिरकी रेघ वापरत असे. पुढे + आणि − रूढ झाले.

आता वरच्या प्रश्नाकडे येऊ. खालचे अंक प्रभारावरून ठरतात, म्हणून आधी सूत्रं पक्की करायची. एका Fe³⁺ ला तीन OH⁻ लागतात, म्हणून Fe(OH)₃. दोन Na⁺ मिळून एका SO₄²⁻ चा प्रभार फिटतो, म्हणून Na₂SO₄. इथे हमखास होणारी चूक म्हणजे डावीकडच्या Fe₂ मधला 2 तसाच उचलून Fe₂(OH)₃ लिहिणं. प्रभार मोजला की ती लगेच सापडते: +6 आणि −3, बेरीज शून्य येत नाही.

सूत्रं ठरली की खालच्या अंकांना हात लावायचा नाही. ते बदलले तर पदार्थच बदलतो. H₂O हे पाणी आहे आणि H₂O₂ हायड्रोजन पेरॉक्साइड. यापुढे फक्त पुढचे गुणक. डावीकडे लोह दोन, म्हणून 2Fe(OH)₃. सल्फेट तीन, म्हणून 3Na₂SO₄. त्यात सोडिअम सहा, म्हणून 6NaOH.

Fe₂(SO₄)₃ + 6NaOH → 2Fe(OH)₃ + 3Na₂SO₄

सल्फेट फुटत नाही, त्यामुळे त्याला एक गट म्हणून मोजलं की काम सोपं होतं. खातरजमेला ऑक्सिजन मोजावा: दोन्हीकडे अठरा.

आयनिक समीकरणात मात्र अणू जुळणं पुरेसं नसतं. Cu + Ag⁺ → Cu²⁺ + Ag यात तांबं एक-एक, चांदी एक-एक, सगळं ठीक दिसतं. पण डावीकडे प्रभार +1 आणि उजवीकडे +2 आहे. तांबं दोन इलेक्ट्रॉन सोडतं आणि एक Ag⁺ एकच घेतो. म्हणून Cu + 2Ag⁺ → Cu²⁺ + 2Ag. माझ्या मते वर्कशीटमध्ये अशी समीकरणं जास्त हवीत, कारण वरचा अंक कशासाठी आहे ते इथेच कळतं.

नावांची गोष्ट थोडी वेगळी. फेरस-फेरिक, क्युप्रस-क्युप्रिक या जोड्या फक्त कमी आणि जास्त एवढंच सांगतात. फेरिक म्हणजे +3, पण क्युप्रिक म्हणजे +2. मँगनीजसारख्या धातूला तर दोन नावं पुरतच नाहीत. 1919 मध्ये आल्फ्रेड स्टॉकने ऑक्सिडीकरण अंक रोमन आकड्यांत नावातच लिहायचं सुचवलं, आणि तीच पद्धत पुढे सर्वमान्य झाली. त्यानुसार आपली उत्पादितं आयर्न(III) हायड्रॉक्साइड आणि सोडिअम सल्फेट. सोडिअमचा आयन एकच प्रकारचा, म्हणून तिथे आकडा नाही.

Fe₂(SO₄)₃ ला आयर्न(II) सल्फेट म्हणणारे पुष्कळ असतात, कारण डोळ्यांना 2 दिसतो. तो अणूंची संख्या आहे. तीन सल्फेटचे मिळून −6, ते दोन लोह-अणूंत वाटले की प्रत्येकी +3. प्रयोगशाळेत शंका राहिली तर अवक्षेपाचा रंग पाहावा: आयर्न(III) चा तपकिरी, आयर्न(II) चा हिरवट. हिरवट अवक्षेप हवेत राहिला की कडेने तपकिरी होत जातो, म्हणून रंग लगेच नोंदवून ठेवावा.