त्रिपदी आवृत्ती (महाविद्यालयीन निवडणूक-भाषण, मुंबई)

एकाच घडणीचे वाक्य किंवा एकच शब्द लागोपाठ तीनदा आणून तिसऱ्या वेळी त्याची लांबी वा दिशा बदलण्याची वक्तृत्वातील पद्धत. महाविद्यालयात जीएस म्हणजे सरचिटणीस वा सीआर म्हणजे वर्गप्रतिनिधी या पदाचा उमेदवार तास सुरू होण्याआधी वर्गावर्गांत जाऊन जे दोन-तीन मिनिटांचे भाषण करतो, त्यात ती विशेष उपयोगी पडते. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशींनी (२००६) प्रचारात ध्वनिवर्धकाला मनाई केली. त्यामुळे शेवटच्या बाकापर्यंत पोचण्याचा सगळा भार आवाजावर आणि वाक्याच्या बांधणीवर येतो. गोंगाटात पहिल्यांदा निसटलेला शब्द दुसऱ्यांदा कानात बसतो, तिसऱ्यांदा तो येणार हे श्रोत्याला आधीच कळते.

तीन या संख्येचे मूळ वादग्रस्त आहे. गद्याला लय असावी, पण छंद नसावा, असे ॲरिस्टॉटलने म्हटले होते. तीनचा स्पष्ट पुरस्कार मात्र ‘रेटोरिका ॲड हेरेनियम’ या लॅटिन ग्रंथात येतो. हा ग्रंथ बहुधा इ. स. पू. पहिल्या शतकाच्या आरंभीच्या दशकांतला असून पूर्वी तो सिसेरोचा मानला जाई. पदे क्रमाने वाढती असावीत, ही जाण भारतातही जुनी दिसते. द्वंद्व समासात कमी स्वरांचे पद आधी येते, असे पाणिनीचे सूत्र (२.२.३४) आहे. ते समासापुरते असल्याने वक्तृत्वाचा उगम तेथे शोधणे ओढाताणीचे ठरेल. परंतु जर्मन अभ्यासक बेहागेल यानेही १९०९ मध्ये वाक्यातील पदांबाबत असाच नियम मांडला. तेव्हा वाढत्या पदांची ओढ भाषेतच असावी आणि तीनचा दंडक पाश्चात्त्य वक्तृत्वशिक्षणातून रूढ झाला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मराठीतील सर्वांत परिचित त्रिपदी म्हणजे ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नागपूर येथील १९४२च्या इंग्रजी भाषणात क्रम ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ’ असा आहे. म्हणजे संघटन शेवटी. क्रमाचा हा वाद मुख्यतः वैचारिक आहे. लयीच्या बाजूने पाहता मराठी पदांच्या मात्रा ३, ७, ८ अशा चढत जातात; शेवटची दोन पदे उलटवल्यास शेवट किंचित उतरतो. फरक एकाच मात्रेचा असल्याने क्रमाचे कारण एवढेच, असे म्हणता येणार नाही. तरी हा क्रम लोकांच्या तोंडी टिकायला लयीने हातभार लावला असावा.

मराठी वाक्य क्रियापदावर संपते, म्हणून वाक्यान्ती होणारी आवृत्ती येथे आपोआप घडते. हाच धोका आहे. ‘आहे… आहे… आहे’ ही आवृत्ती कानाला जाणवतही नाही. पुन्हा यायचा शब्द अर्थाने वजनदार हवा. उदाहरणार्थ, एखादा उमेदवार म्हणतो : ‘कन्सेशनच्या खिडकीवर मोठी रांग आहे, लायब्ररी लवकर बंद होते आणि कॅन्टीनचा प्रश्न आहे.’ तक्रारी खऱ्या आहेत, पण लोकलच्या पासाचा सर्वांना जाचणारा मुद्दा पहिल्यालाच खर्च झाला आणि वाक्य उतरत गेले. तेच असे बांधता येते : ‘कॅन्टीन चारला बंद. लायब्ररी पाचला बंद. कन्सेशनची खिडकी तर उघडायच्या आधीच बंद!’ अक्षरे ८, ९ आणि २० होतात. पहिली दोन वाक्ये जवळपास समान असल्याने साचा ठरतो; तिसरे तो ताणते, आणि ‘आधीच’ या शब्दावर विरोधही साधते. ब्रिटिश पक्ष-अधिवेशनांतील भाषणांच्या हेरिटेज व ग्रेटबॅच यांच्या अभ्यासात (१९८६) टाळ्या याद्यांपेक्षा विरोधी जोड्यांवर अधिक पडलेल्या दिसल्या. म्हणून केवळ तीन गोष्टी मोजण्यापेक्षा तिसरीत विरोध आणणे श्रेयस्कर.

दुसऱ्या ‘बंद’वर स्वर चढता ठेवावा लागतो. तो खाली आला तर श्रोत्यांना वाक्य संपल्यासारखे वाटते, टाळ्या तिथेच पडतात आणि तिसरे पद त्या आवाजात बुडते. तिसरा ‘बंद’ वर्गानेच वक्त्याबरोबर उच्चारला, तर बांधणी जमली असे समजावे. त्यानंतर चौथी तक्रार जोडू नये. तिसरे पद सापडले नाही की संभाषणात ‘वगैरे’सारखा भरणा येतो, असे संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांनी दाखवले आहे; भाषणात ती जागा ‘सर्वांगीण विकास’ घेतो आणि रिकामी जागा लगेच ऐकू येते. सबंध भाषणात अशी बांधणी एकदाच, फार तर दोनदा वापरावी. प्रत्येक वाक्य तीनांत पडू लागले की वर्ग मुद्दा सोडून साचाच ऐकू लागतो.

मुंबईतील महाविद्यालयीन प्रचाराच्या परंपरेत मोठा खंड आहे. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर आधारित नेमणुका आणल्या. २०१६च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. २०१९ साठी ठरलेल्या निवडणुका विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या.