हरिद्वारला धरण लागले नाही, गोदावरीला का लागले?

१८३७-३८ च्या दुष्काळात गंगा-यमुना दुआबाची दैना झाली. त्यानंतर प्रॉबी कॉटली या इंग्रज अभियंत्याने हरिद्वारहून गंगेचे पाणी कालव्याने वळवण्याचे काम हाती घेतले आणि १८५४ साली हा कालवा सुरू झाला. नदीचे पाणी कालव्याच्या तोंडाकडे वळेल एवढीच व्यवस्था तिथे केली होती. वरच्या अंगाला पाणी साठवणारे धरण बांधलेले नव्हते, तरीही कालवा उन्हाळ्यात वाहत होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरीवर बंधारा झाला आणि दोन्ही तीरांवर कालवे निघाले. इथे मात्र नुसत्या बंधाऱ्यावर भागणारे नव्हते. कालव्यांना पावसाळ्यानंतर पाणी मिळावे म्हणून दारणा नदीवर १९१६ साली धरण उभे राहिले. पुढे प्रवरेवर भंडारदरा, पैठणला जायकवाडी अशी धरणांची रांगच लागली. पठारावर सिंचन म्हणजे आधी साठवण, हे समीकरणच आहे. त्याचे कारण या दोन नद्यांच्या जन्मात आणि त्यांच्या पायाखालच्या खडकात आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून आपले दख्खनचे पठार तयार झाले. त्याच सुमारास पश्चिमेकडचा भूभाग तुटून दूर सरकत होता, आणि भूशास्त्रज्ञांच्या सर्वसाधारण मतानुसार त्या घडामोडीत भारताची पश्चिम कड उचलली गेली. त्यामुळेच त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी जवळच्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवते. तो समुद्र तिथून जेमतेम ८० किलोमीटरवर आहे, पण ती १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरच्या कृष्णेची कथा हीच. नर्मदा आणि तापी पश्चिमेला जातात, कारण त्यांना जमिनीतल्या भेगांनी खचलेल्या दऱ्या आयत्या मिळाल्या.

हिमालय त्या मानाने फार अलीकडचा. भारतीय भूखंड आशियाला धडकला तो सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, आणि पर्वत अजूनही उचलला जातो आहे. म्हणून शाळेत आपण शिकतो की दख्खनच्या नद्या म्हाताऱ्या आणि हिमालयाच्या तरुण. हे वाक्य जपून वापरायला हवे. सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या नद्या हिमालयाच्या आजच्या उंच रांगा उभ्या राहण्याआधीपासून वाहत होत्या, असे मानले जाते. पर्वत जसजसा वर आला, तसतसा त्यांनी तो कापला. म्हणूनच मुख्य रांग आडवी भेदून त्या पलीकडे जाऊ शकतात. दख्खनमध्ये मात्र लाव्हा थंड होण्याआधीची नदी त्या पृष्ठभागावर असूच शकत नाही. तेव्हा म्हातारी आणि तरुण ही विशेषणे नदीच्या जन्मतारखेपेक्षा तिच्या खोऱ्याच्या अवस्थेला अधिक लागू पडतात. ज्या नदीखालची जमीन स्थिरावली आहे, तिचे कापायचे काम बरेचसे उरकले आहे. जिच्याखालची जमीन अजून वर येते आहे, तिचे संपलेले नाही.

ही अवस्था उतारात दिसते. गोमुखाची उंची सुमारे ४,००० मीटर आणि हरिद्वारची ३१४ मीटर. मधले अंतर साधारण ३०० किलोमीटर, म्हणजे पाणी दर किलोमीटरला सरासरी बारा मीटर खाली येते. एवढ्या वेगाला खोल, अरुंद, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी दरी लागते, आणि त्या दरीतून नदी दगडगोटे व गाळ घेऊन मैदानात उतरते. गोदावरीचा मोठा उतार ब्रह्मगिरीच्या पायथ्यापर्यंतच सरतो. नाशिकहून पैठणकडे जाताना तिला घाई नसते. पात्र रुंद आणि दरी उथळ, पुष्कळ ठिकाणी तळाला उघडा काळा खडक.

खडकाचे हे पात्र नदीला जागेवर धरून ठेवते. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण, आणि दोन हजार वर्षांनंतरही ते गोदावरीच्याच काठावर आहे. याच्या शेजारी कोसी ठेवून पाहावी. हिमालयातून उतरताना आणलेला गाळ ती मैदानात टाकते, त्या गाळाने तिचेच पात्र वर येते आणि मग ती बाजूची सखल वाट धरते. गेल्या दोन-अडीच शतकांत ती अशी शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला सरकत गेली. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसहा येथे तिचा बांध फुटला आणि ती पुन्हा पूर्वेकडच्या जुन्या वाटेने बिहारमध्ये शिरली. लाखो लोक विस्थापित झाले. त्या दिवशी नदीतले पाणी बांधाच्या क्षमतेपेक्षा बरेच कमी होते. म्हणजे दोष महापुराचा नव्हता. दोन बांधांच्या मध्ये कोंडलेल्या गाळाचा आणि खिळखिळ्या झालेल्या बांधाचा होता.

आता पुन्हा पाण्याकडे. दोन्ही नद्यांना मोठे पाणी पावसाळ्यातच येते, हे आधी लक्षात ठेवायला हवे. फरक उरलेल्या आठ महिन्यांत पडतो. हिमालयात हिवाळ्यात पडलेला बर्फ तिथेच थांबतो, म्हणून तिथल्या नद्या जानेवारी-फेब्रुवारीत सर्वांत बारीक असतात. एप्रिलपासून बर्फ वितळू लागतो आणि आपल्याकडे विहिरी तळ गाठतात त्याच दिवसांत हरिद्वारची गंगा चढू लागते. कॉटलीच्या कालव्याला धरण लागले नाही, कारण साठवण डोंगरावर आपसूक होत होती.

गोदावरीच्या डोक्यावर अशी साठवण नाही. पाऊस संपला की तिची मदार जमिनीत मुरलेल्या पाण्यावर, आणि बसाल्ट खडकात ते मुरते थोडे. घट्ट थरात जागाच नसते. भेगा, सांधे आणि वरचा मुरमाड पट्टा यांत जे साठते ते हिवाळाभर झिरपून पात्रात येते. मार्च-एप्रिलमध्ये तेही आटते आणि नदीचे डोह तेवढे उरतात. वर्षाच्या प्रवाहातला बहुतांश भाग जून ते ऑक्टोबरमध्येच निघून जातो. आणि तो काही हळू निघून जात नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये तेलंगणातल्या भद्राचलमला याच गोदावरीची पातळी ७५.६ फुटांवर गेली होती.

बर्फाचा हा आधार गंगेला शेवटपर्यंत सारखा पुरतो असेही नाही. देवप्रयागला बर्फ आणि हिमनद्यांचा वाटा मोठा आहे. खाली मैदानात पावसाच्या पाण्याच्या उपनद्या मिळत जातात, तसा तो घटतो. त्यात चंबळ, बेतवा, केन, शोण या नद्या तर दक्षिणेकडून, पठारावरून येतात. स्वभावाने त्या आपल्याच नद्यांच्या जातीच्या. सिंधूच्या वरच्या खोऱ्यात बर्फाचा वाटा सर्वांत जास्त, म्हणून तिथले शेतकरी पावसापेक्षा उन्हाळ्यातल्या उन्हाकडे डोळे लावून असतात.

महाराष्ट्रात नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात जायकवाडीच्या पाण्यावरून टंचाईच्या वर्षी जो वाद पेटतो, त्याची मुळेही इथेच आहेत. २०१४ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने समन्यायी वाटपाचा आदेश दिला, आणि वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचे की नाही हे ठरवताना १५ ऑक्टोबरचा साठा पाहायचे ठरले. बर्फाच्या नदीवर असा हिशेब ऑक्टोबरातच बंद करावा लागला नसता, कारण तिला एप्रिलमध्ये नवे पाणी येते. गोदावरीला त्या तारखेनंतर पुढच्या जूनपर्यंत मोजण्याजोगे नवे पाणी बहुधा येत नाही; जे काही वाटायचे ते धरणांत त्या दिवशी असते तेवढेच.