गुडघ्यातली गादी (मेनिस्कस): रक्ताचे पट्टे, टाके आणि छाटणी

मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये दोन गाद्या असतात, आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक. मेनिस्कस हा शब्द ग्रीक भाषेतून आलाय, अर्थ छोटी चंद्रकोर. आतली गादी खरोखर कोरीसारखी उघडी असते, बाहेरची जवळजवळ गोल वळलेली. आतली गादी बाजूच्या लिगामेंटला घट्ट चिकटलेली असल्यामुळे फारशी सरकत नाही, त्यामुळे पाय रोवलेला असताना गुडघा वळला की तीच जास्त अडकते. बाहेरची मोकळी असते, आणि तिच्या मागच्या बाजूला पॉप्लिटियस स्नायूची कंडरा जिथून जाते तिथे तिचा सांध्याच्या आवरणाशी संबंधच तुटतो, म्हणून तेवढ्या जागी रक्तही कमी.

गादी आडव्या छेदात पाचरीसारखी दिसते, बाहेरून जाड आणि आत पातळ. तिच्यातले बहुतेक धागे कडेकडेने गोल फिरतात आणि थोडे आडवे धागे त्यांना बांधून ठेवतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात तसंच हे काम, वजन आलं की गादी बाहेर फेकली जायला बघते आणि गोल धागे ताणले जाऊन तिला आवरतात. म्हणून चीर कोणत्या दिशेने गेलीय याला इतकं महत्त्व. धाग्यांच्या बाजूने उभी लांब चीर गेली तर धाव लांबीने दुभंगते पण तुटत नाही, आणि आडवी चीर कडेपर्यंत गेली किंवा गादीचं मूळ हाडापासून निघालं तर धावच तुटली, मग गादी जागेवर दिसली तरी वजन उचलत नाही.

गादीला रक्त मिळतं का, हा वाद जुना. थॉमस ॲनंडेल यांनी 1883 मध्ये एडिनबरोला गादी शिवली, पण पुढची काही दशकं त्याकडे कुणी फारसं वळलं नाही, 1897 मध्ये ब्लँड-सटन यांनी तर गाद्या म्हणजे पायाच्या स्नायूंचे बिनकामाचे अवशेष असं लिहून ठेवलं, आणि गादी काढून टाकणं हाच बराच काळ रिवाज राहिला. डॉन किंग यांनी 1936 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की चीर सांध्याच्या अस्तराला भिडत असेल तरच भरते. फेअरबँक यांनी 1948 मध्ये गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासून सांधा अरुंद होणं, हाडाची कड वाढणं असे बदल नोंदवले, तिथून मत फिरायला लागलं.

आज वापरतो ते पट्टे मुख्यतः आर्नोत्स्की आणि वॉरन यांच्या 1982 च्या कामावरून आलेत. त्यांनी मृतदेहांच्या गुडघ्यांच्या धमन्यांत भारतीय शाई भरली, ऊतक पारदर्शक केलं आणि शाई कुठवर पोचते ते पाहिलं. आतल्या गादीच्या रुंदीच्या बाहेरच्या साधारण 10 ते 30 टक्के भागात रक्तवाहिन्या दिसल्या, बाहेरच्या गादीत 10 ते 25 टक्के. उरलेला भाग सांध्यातल्या द्रवावर जगतो. त्यावरून बाहेरचा लाल-लाल, मधला लाल-पांढरा आणि आतला पांढरा-पांढरा अशी नावं पडली. मूळ मोजमाप टक्क्यांत होतं, ऑपरेशन थिएटरात मात्र मिलिमीटर चालतात: आवरणाच्या जोडापासून चीर 3 मिमीच्या आत असेल तर लाल, 3 ते 5 मध्ये मिश्र, 5 च्या पुढे पांढरा. दोन्ही हिशेब नेमके जुळत नाहीत, कारण गादी सगळीकडे सारखी रुंद नसते, मागच्या शिंगाशी म्हणजे मागच्या टोकाशी आतली गादी बरीच रुंद असते. शिवाय लहान मुलांत रक्त खूप आतपर्यंत जातं आणि साधारण 10 वर्षांच्या सुमारास चित्र मोठ्यांसारखं होतं. म्हणून ही रेघ नकाशातल्या सीमेसारखी पक्की मानू नये. नॉयेस यांच्या गटाने 1998 मध्ये रक्त नसलेल्या भागापर्यंत गेलेल्या 198 चिरा शिवल्याचे निकाल दिले, साधारण 80 टक्क्यांत सांध्याचा त्रास नव्हता. तुलनेचा गट नसलेली अशी मालिका फार मोठा पुरावा नव्हे, पण तरुण माणसात मिश्र पट्टीतली चीर फक्त पट्टीच्या नावावरून छाटू नये एवढं त्यातून नक्की निघतं.

छाटणीची किंमत काय पडते हे बॅराट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये मृतदेहांच्या गुडघ्यांवर मोजलं. आतली गादी थोडी छाटली तर संपर्काचं क्षेत्र 10 टक्केच घटलं, पण एका जागी पडणारा सर्वाधिक दाब 65 टक्क्यांनी वाढला, पूर्ण काढल्यावर 235 टक्क्यांनी. टाक्यांची बाजूही सोपी नाही. पाच वर्षांनंतर साधारण पाचातल्या एका रुग्णात टाके फसलेले असतात आणि पुन्हा दुर्बीण घालावी लागते, छाटणीनंतर तशी वेळ खूप कमी येते. छाटणीत महिन्या-दीड महिन्यात माणूस खेळायला लागतो आणि त्रास वर्षांनी दिसतो, टाक्यांत उलट आहे, म्हणूनच पेशंटला घाईत नीट समजावून सांगितलं जात नाही.

उदाहरण घ्यायचं तर 26 वर्षांचा कबड्डीपटू. चढाईत पाय रोवून वळला, रात्रीत गुडघ्यात पाणी झालं आणि दुसऱ्या दिवसापासून पाय शेवटचे 20 अंश सरळच होईना. अशा वेळी बहुतेकदा आतल्या गादीची बादलीच्या कडीसारखी चीर असते, सुटलेली कडी सांध्याच्या मध्ये येऊन अडकते. एमआरआयवर तुकडा सरकलेला दिसतो, पण नेमका पट्टा दुर्बिणीतून हुकाने चाचपूनच कळतो, आणि रक्त थांबवायला मांडी आवळून बांधलेली असेल तर रक्ताळलेली कडही पांढरी दिसते हे लक्षात ठेवायला हवं. समजा चीर 25 मिमी लांब आणि कडेला 3 मिमी रुंद पट्टी शिल्लक, ऊतक घट्ट. मग कडी जागेवर बसवायची, दोन्ही कडा कानशीने खरवडायच्या आणि साधारण 5 मिमी अंतराने उभे टाके घालायचे, म्हणजे पाच-सहा. उभेच का, तर ते गोल धाग्यांना वेढा घालतात, आडवे टाके त्यांच्यामधून निसटू शकतात. आतून बाहेर सुई काढताना मागच्या बाजूला छोटी चीर देऊन सॅफीनस मज्जातंतू बाजूला धरतात, बाहेरच्या गादीला पेरोनियल मज्जातंतू सांभाळावा लागतो. गुडघ्याच्या मधलं एसीएल लिगामेंट सोबत दुरुस्त होत असेल तर हाडातून येणारं रक्त गादी भरायला मदत करतं, आणि एसीएल शाबूत असेल तर काही सर्जन त्याच हेतूने हाडाला बारीक भोकं पाडतात.

यानंतर साधारण सहा आठवडे ब्रेस, वजन जपून, गुडघा 90 अंशांपलीकडे वाकवायचा नाही. मांडी घालणं, उकिडवं बसणं, देशी संडास हे साधारण चार महिने टाळायचं, कारण खोल वाकल्यावर सगळा दाब मागच्या शिंगावर म्हणजे टाक्यांवरच येतो. मैदानात बहुधा सहा महिन्यांनी. हे जमणार नसेल तर टाका फसायचा धोका वाढतो. याच मुलाला 6 मिमी आत, चिंध्या झालेला तुकडा असता तर फक्त सैल भाग काढून कड गुळगुळीत करणं योग्य, आणि 10 मिमीपेक्षा लहान, हुकाने न हलणारी चीर असती तर हात न लावणंही चालतं.

वयाचा मुद्दा अनेकदा चुकीच्या ठिकाणी आणला जातो. 45 वर्षांच्या माणसाला खरा मार लागून उभी चीर पडली असेल, सांध्याची कूर्चा चांगली असेल, तर शिवायला नकार देण्याचं कारण नाही, 40 च्या वरच्या रुग्णांत टाके फसण्याचं प्रमाण तरुणांपेक्षा ठळक वेगळं आढळलेलं नाही. पण त्याच वयात, कुठलाही झटका न बसता, एमआरआयवर गादीचे वर-खाली दोन थर करणारी झिजेची चीर दिसते ती गोष्ट निराळी. एंगलुंड यांच्या 2008 च्या अभ्यासात 50 च्या वरच्या ज्यांच्या गादीत चीर दिसली त्यांच्यातल्या 61 टक्क्यांना मागच्या महिन्यात गुडघ्याचा त्रासच नव्हता. फिनलंडमध्ये 2013 मध्ये झिजेची चीर असलेल्या 35 ते 65 वयाच्या 146 जणांपैकी काहींची छाटणी केली आणि काहींचं फक्त खोटं ऑपरेशन, वर्षभराने दोघांत फरक नव्हता. इथे आधी काही महिने फिजिओथेरपी हेच माझ्या मते पहिलं पाऊल, रिपोर्ट हातात आला म्हणून दुर्बीण नको.

टाके टिकले का हे ओळखायला नुसता एमआरआय पुरत नाही, भरलेल्या चिरेतही बरीच वर्षं उजळ रेघ दिसत राहते. पुन्हा पाणी होणं, सांध्याच्या रेषेवर एकाच ठिकाणी दुखणं, गुडघा अडकणं, यांवर जास्त भरवसा ठेवतात. आणि फसलंच तर तेव्हा काढावा लागणारा तुकडा सहसा पहिल्याच दिवशी काढला असता त्याहून मोठा नसतो.