दोन रुपये आठ पैशांचा हिशेब

21 मे 2022, शनिवार. संध्याकाळी केंद्र सरकारने पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे 8 रुपयांनी कमी केल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र सरकारनेही पेट्रोलवरचा व्हॅट 2 रुपये 8 पैशांनी कमी केल्याची घोषणा केली. आता पेट्रोल आणखी दोन रुपयांनी उतरेल, असे लोकांना वाटले. पण मुंबईत रविवारी सकाळी 111 रुपये 35 पैसे झालेला दर घोषणेनंतरही तिथेच राहिला. मग ते 2 रुपये 8 पैसे गेले कुठे?

त्यासाठी बिल कसे चढत जाते ते बघू. तेल कंपनीचा दर आणि पंपचालकाचे कमिशन ही मूळ किंमत. तिच्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क लागते, आणि ते टक्क्यांत नसून लिटरमागे ठरलेले रुपये असतात. या दोन्हींच्या बेरजेवर राज्याचा व्हॅट बसतो. मुंबईत तेव्हा तो 26 टक्के होता, आणि वर लिटरमागे ठरलेले 10 रुपये 12 पैसे. म्हणजे राज्याचा टक्का केंद्राच्या करावरही लागतो. चलाख वाचकाच्या लक्षात आले असेलच: 8 रुपयांचे 26 टक्के म्हणजे बरोबर 2 रुपये 8 पैसे! केंद्राने 8 रुपये काढले की त्यावरचा व्हॅट आपोआप गळतो, त्यासाठी राज्याला दर बदलावा लागत नाही. डिझेलवरही तेच झाले. तिथे केंद्राने 6 रुपये कमी केले होते, व्हॅट 24 टक्के होता, आणि राज्याची घोषणा होती 1 रुपया 44 पैशांची.

पंपावरच्या दरावरून हे पडताळता येते, फक्त उलटे चालावे लागते. 111.35 मधून आधी 10.12 वजा करायचे आणि उरलेल्याला 1.26 ने भागायचे. उत्तर येते सुमारे 80.34. त्यातले केंद्राचे 19.90 काढले की मूळ किंमत मिळते, 60 रुपये 44 पैसे. म्हणजे 111.35 मध्ये कर होता जवळपास 51 रुपये, किमतीच्या 46 टक्के. कपातीच्या आदल्या दिवशी दर होता 120.51 आणि उत्पादन शुल्क 27.90. तोच भागाकार करून पाहा, कराचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त निघतो.

इथे एक बारीक फट दिसते. 8 रुपये आणि त्यावरचा व्हॅट मिळून 10 रुपये 8 पैसे उतरायला हवे होते, मुंबईत उतरले 9 रुपये 16 पैसे. उलट्या गणिताने मूळ किंमतच सुमारे 73 पैशांनी वाढल्याचे दिसते. दिल्लीत व्हॅट 19.4 टक्के, तिथे दर 105.41 वरून 96.72 वर आला, आणि तिथलाही हिशेब जवळपास तेवढीच वाढ दाखवतो. दोन शहरांत करांचे दर वेगळे आणि फरक मात्र एकच, म्हणजे कर पूर्ण उतरला होता, वाढ करांच्या खालच्या थरात झाली होती. करकपात पंपावर पूर्ण दिसली नाही की लगेच राज्याला दोष देऊ नये, ते याचसाठी.

राज्याने खरी कपात केली ती त्याच वर्षी जुलैमध्ये. लिटरमागचे 10.12 रुपये 5.12 झाले. हा आकडा टक्क्यांच्या हिशेबानंतर मिळवला जातो, त्यामुळे 5 रुपये काढले की ग्राहकाचे साधारण 5 रुपयेच वाचतात. मुंबईत दर 106.31 झाला.

टक्का कमी करण्याची गोष्ट वेगळी. 2024 च्या जुलैत मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत पेट्रोलवरचा व्हॅट 26 वरून 25 टक्के झाला. दर होता 104.21. एक टक्का म्हणजे रुपयाहून जरा जास्त, असा झटपट अंदाज कुणीही बांधेल. पण तो टक्का 104 वर नसतो, तो व्हॅटपूर्वीच्या सुमारे 78.64 रुपयांवर असतो. म्हणून अपेक्षित घट 79 पैसे. प्रत्यक्षात दर 103.44 झाला, 77 पैशांची घट.

टक्क्यातला व्हॅट आणखी एका वेळी जाणवतो. कच्चे तेल महागून मूळ किंमत 10 रुपयांनी वाढली, तर 25 टक्क्यांच्या हिशेबाने पंपावर ती साडेबारा रुपयांनी वाढते, आणि वरचे अडीच रुपये राज्याच्या तिजोरीत जातात. केंद्राचे उत्पादन शुल्क रुपयांत असल्याने तिथे मात्र काहीच वाढत नाही.